नियम मोडतो तो टिपणवहीत

प्रश्न: मॅडम, मी समाजशास्त्रात पीएचडी करतोय. विषय आपल्याकडच्या गुऱ्हाळघरांवरचे मजूर, प्रबंध इंग्रजीत. मुलाखती सगळ्या मराठीत आहेत, आणि इंग्रजी लेख वाचतानाही मी टिपणं मराठीतच काढतो, कारण डोक्यात तसंच बसतं. आता ही सगळी टिपणं एआयच्या भाषा-मॉडेलकडून इंग्रजीत करून घेतली तर प्रबंधाचे नियम मोडतात का? गाइड म्हणतात, "नीट चौकशी कर." मित्र म्हणतात, "करून टाक, कुणाला कळतंय?"

उत्तर:

टिपणांचं भाषांतर यंत्राकडून करून घेतलं एवढ्यानं नियम मोडत नाही. पण तुम्ही "सगळी टिपणं" म्हणालात, आणि त्या "सगळी"त दोन वेगळ्या जातीची टिपणं आहेत. एका ढिगात इंग्रजी लेखांवरून मराठीत काढलेली, दुसऱ्यात मजुरांच्या मुलाखती. दोन्हीकडे धोका निराळा आहे, त्यामुळे सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही.

आधी नियमाचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम २०१८ चे आहेत. त्यात वाङ्मयचौर्य म्हणजे काय, तर दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणं. "काम किंवा कल्पना" असं म्हटलंय, नुसते शब्द नव्हेत. यंत्रानं भाषांतर करू नये असं त्या व्याख्येत कुठेही नाही, आणि यंत्रानं शब्द बदलून दिले म्हणजे कल्पना तुमची झाली असंही नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका ओळीत आहे.

त्याच विनियमांत टक्केवारीचे टप्पे आहेत, जे सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही, ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. हे टप्पे पाठ असल्यामुळे एक गैरसमज पक्का होऊन बसलाय की रिपोर्टवर आठ टक्के आले म्हणजे आपण सुटलो. सॉफ्टवेअर मुख्यतः शब्दांची जुळणी बघतं. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून परत इंग्रजीत गेलेला परिच्छेद त्याच्या जाळ्यातून सहज निसटू शकतो. तो निसटला म्हणून दुसऱ्याची कल्पना तुमची होत नाही. परीक्षक तो मूळ लेख वाचलेला निघाला तर आठ टक्क्यांचा रिपोर्ट तुमच्या काही कामाचा नाही.

"कुणाला कळतंय" म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगा. प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढतो आणि जगात कुणालाही उघडून वाचता येतो. पदवी मिळाल्यावर चौर्य सिद्ध झालं तर ती पदवी स्थगित ठेवण्याची तरतूदही याच विनियमांत आहे. शिवाय प्रबंधासोबत तुम्ही एक प्रतिज्ञापत्र सही करून देणार आहात, की हे काम माझं आहे, मूळ आहे. गाइडही त्याच अर्थाच्या प्रमाणपत्रावर सही करतात. म्हणजे तुमच्या टिपणवहीतला घोळ त्यांच्याही सहीखाली जातो. ते "नीट चौकशी कर" म्हणाले ते उगाच नाही.

विनियम हा किमान पाया झाला. त्यावर तुमच्या विद्यापीठानं किंवा संशोधन केंद्रानं एआयबद्दल वेगळं परिपत्रक काढलं असेल तर ते तुम्हाला लागू आहे. जिथे नोंदणी आहे तिथलंच. पुण्याच्या मित्राला काय चालतं याच्याशी तुमचा संबंध नाही. गाइडना तोंडी विचारू नका, चार ओळींचा मेल करा: मी अमुक टिपणांचं भाषांतर अमुक पद्धतीनं करणार आहे, चालेल का? उत्तर आलं की जपून ठेवा.

आता पहिला ढीग, वाचनाच्या टिपणांचा. माझ्या मते खरा धोका इथे आहे, आणि तो प्रामाणिक विद्यार्थ्यालाच जास्त असतो. उचलेगिरी करायचीच असेल तर माणूस सरळ उचलतो. तुमच्यासारखा मुलगा मात्र वाचतो, समजून घेतो, आपल्या भाषेत लिहून ठेवतो, आणि तिथेच फसतो.

कसा, ते बघू. समजा तुम्ही गूळ बाजारावरचा एक इंग्रजी लेख वाचताय. लेखकाचं म्हणणं असं की, हंगामाआधी अडत्या उत्पादकाला पैसे देतो, त्यामुळे माल त्याच्याच दुकानात घालावा लागतो, आणि म्हणून भाव ठरवताना उत्पादकाच्या हातात काही राहत नाही. तुम्ही वहीत लिहिता:

"हंगामाआधी उचल → माल त्याच अडत्याकडे → भावावर ताकद नाही. मजुरांच्या उचलीचं पण असंच? मुकादम = अडत्या? हे कुणी लिहिलंय का बघणे."

एवढ्याशा टिपणात किती गोष्टी आहेत पाहा. पहिलं वाक्य लेखकाचं आहे. पुढचे दोन प्रश्न तुमचे, आणि फार चांगले आहेत, कारण त्यांत प्रबंधाचं एखादं प्रकरण दडलेलं असू शकतं. शेवटचं वाक्य स्वतःला दिलेलं काम आहे. वही काढली त्या दिवशी हे सगळं तुम्हाला लख्ख दिसत होतं. काही महिन्यांनी तुम्ही अशी तीसेक पानं टाइप करून मॉडेलला देता आणि सांगता, याचं चांगल्या इंग्रजीत भाषांतर कर. मॉडेलला तुटक टिपणं आवडत नाहीत. बाण काढून तिथे "त्यामुळे", "परिणामी" असे शब्द घालून ते तुम्हाला एक घोटीव परिच्छेद देतं. त्यात लेखकाचं निरीक्षण आहे, तुमची शंका आहे, पण शंकेचं प्रश्नचिन्ह गेलेलं आहे. मुकादम हा अडत्यासारखाच असतो, असं ठाम विधान तिथे उभं राहिलंय. "कुणी लिहिलंय का बघणे" हे वाक्य एकतर गळालं, नाहीतर "या विषयावर पुरेसं संशोधन झालेलं नाही" असं होऊन बसलं. तुम्ही अजून बघितलेलंच नाही आणि प्रबंध म्हणतोय की संशोधन झालेलं नाही!

परिच्छेद वाचायला उत्तम असतो, म्हणून तो तसाच दुसऱ्या प्रकरणात जातो. लेखकाचं नाव कुठे आहे? वहीत पानाच्या वरच्या कोपऱ्यात होतं, टाइप करताना राहिलं. पान क्रमांक लिहिलाच नव्हता. इथे नियम मोडला, आणि कुणाचीही चोरी करायची इच्छा नसताना मोडला. बरं, वाक्यं नवी असली तरी युक्तिवादाची मांडणी, उचल मग माल मग भाव, त्याच क्रमानं लेखकाची आहे. नाव न देता मांडणी घेतली की तेही चौर्यच. यंत्र नसतानाही असं व्हायचं, पण तेव्हा इंग्रजीत लिहिताना प्रत्येक वाक्याशी अडखळायला व्हायचं आणि त्या अडखळण्यात "हे मी कुठे वाचलं?" असा प्रश्न पडायचा. आता अडखळायलाच होत नाही.

अवतरणांचं याहून वाईट. लेखातलं एखादं वाक्य आवडलं म्हणून तुम्ही ते मराठीत करून अवतरणचिन्हांत लिहून ठेवलंत. मॉडेलनं ते परत इंग्रजीत नेलं, अवतरणचिन्हं तशीच ठेवली. आता प्रबंधात लेखकाच्या नावावर असं एक इंग्रजी वाक्य आहे जे त्यानं आयुष्यात लिहिलेलं नाही. हे चौर्य नव्हे, बनावट अवतरण आहे, आणि माझ्या दृष्टीनं ते चौर्यापेक्षा गंभीर. साम्याच्या रिपोर्टमध्ये ते दिसणार नाही. उलट अवतरण शब्दशः मूळासारखं असतं तर सॉफ्टवेअरनं ते जुळवून दाखवलं असतं. म्हणून प्रबंध तपासताना एखाद्या प्रसिद्ध मजकुराचं अवतरण रिपोर्टमध्ये कुठेच जुळलेलं दिसलं नाही, की मी आधी मूळ पान उघडते.

आपल्याकडे हे सर्रास होतं ते बाबासाहेबांच्या लेखनाबाबत. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ चं भाषण त्यांनी इंग्रजीत लिहिलं. आपली मुलं ते मराठी अनुवादात वाचतात, मराठीत टिपतात आणि इंग्रजी प्रबंधात उलटं फिरवून घालतात. बाबासाहेबांचं मूळ इंग्रजी वाक्य शासनानं काढलेल्या खंडांत छापलेलं समोर असताना यंत्राचं इंग्रजी त्यांच्या तोंडी घालायचं, हे कुठल्याही परीक्षकाला खपणार नाही. याउलट मार्च १९२० च्या माणगाव परिषदेतली भाषणं. ती मराठीत झाली. तिथलं वाक्य इंग्रजीत द्यायचं तर भाषांतर करावंच लागेल आणि ते करायला पूर्ण मुभा आहे, फक्त खाली "मूळ मराठी, भाषांतर संशोधकाचे" एवढं लिहायचं आणि मराठी वाक्य तळटीपेत द्यायचं. मूळ ज्या भाषेत आहे त्या भाषेत प्रबंध असेल तर अवतरण मूळ पानावरूनच उतरवायचं. तो मजकूर भाषांतराच्या वाटेनं परत येता कामा नये.

तेव्हा वाचनाच्या टिपणांसाठी माझा सल्ला सरळ आहे. ती यंत्राला देऊच नका. टिपण मराठीत असू दे, प्रबंधाचा परिच्छेद तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहा, मोडकं तोडकं का होईना, मूळ लेख शेजारी उघडा ठेवून. मग भाषा सुधारायला मदत घेतलीत तर ती उघड सांगा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून लाज वाटायचं कारण नाही. परीक्षकाला कच्चं इंग्रजी कळतं, पण लेखक कोण हे कळलं नाही तर तो थांबतो. आणि पुढची टिपणं काढताना पानावर तीन खुणा ठेवा: लेखकाचे शब्द असतील तर मूळ इंग्रजीतच उतरवून पान क्रमांक, लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत असेल तर "ले." आणि पान क्रमांक, स्वतःचं असेल तर "मी". विचित्र वाटेल, पण महिनाभरात हात बसतो.

आता दुसरा ढीग, मुलाखती. इथे भाषांतर हा पद्धतीचाच भाग आहे, मजूर काय इंग्रजीत बोलणार नाहीत. पण आधी एक विचारते, सगळ्या मुलाखती इंग्रजीत करायच्याच कशाला? विश्लेषण मराठीतच करा. मुलाखतींचं मराठी शब्दांकन समोर ठेवा, समासात कोड, म्हणजे त्या बोलण्याचा विषय सांगणारा शब्द, मराठीत किंवा इंग्रजीत लिहा, मुद्दे मराठीत जुळवा. प्रबंधात शेवटी जी अवतरणं जाणार तेवढीच इंग्रजीत लागतात. चाळीस मुलाखतींतून ती बहुधा पन्नास-साठ परिच्छेद भरतील. तेवढं तुम्ही स्वतः करू शकता, यंत्र फक्त पहिला मसुदा द्यायला वापरा. पूर्ण मुलाखती इंग्रजीत करून त्या इंग्रजीवर विश्लेषण केलं तर तुम्ही मजुरांच्या बोलण्याचा अभ्यास करत नसता, यंत्रानं केलेल्या त्याच्या सारांशाचा करत असता. आमच्या विषयात ही पद्धतीतली चूक धरली जाते.

काय बिघडतं ते एका तुकड्यावर दाखवते. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या मुलाचं बोलणं असं असू शकतं:

"अडत्यानं पाऊणशे रुपयं कापून घेतलं म्हणं. आमच्या म्हाताऱ्यानं कधी हिशेब मागितला न्हाई. उचल फिटली का न्हाई, देवाला ठावं."

तीन छोटी वाक्यं आहेत, पण प्रत्येकात खड्डा आहे. "म्हणं" म्हणजे त्यानं हे ऐकलंय, पाहिलेलं नाही. भाषांतरात हा शब्द गळायला सगळ्यात सोपा, आणि तो गळला की ऐकीव गोष्ट साक्षीदाराची होते. तुमच्या प्रबंधात मग अडत्यानं पैसे कापल्याचा "पुरावा" तयार होतो. "पाऊणशे" म्हणजे पंचाहत्तर. सव्वाशे, दीडशे, अडीच हजार या सगळ्या पाव-अर्ध्याच्या आकड्यांची हाताने पडताळणी करायची, कारण आकडा चुकला तरी वाक्य गुळगुळीतच दिसतं. "आमचा म्हातारा" म्हणजे वडील. इंग्रजीत तो कुणी तरी परका वृद्ध होऊन बसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा तिसरा माणूस कोण. आणि "देवाला ठावं" हे धार्मिक विधान नाही, आपल्याला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नव्हता एवढाच त्याचा अर्थ. धर्म आणि श्रद्धा असा कोड तिथे लावणारे संशोधक असतात!

"उचल", "गुळव्या", "काहिल", "आदण" असे शब्द इंग्रजीत करायच्या भानगडीत पडू नका. ते रोमन लिपीत तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात समजावून सांगा. उचलीला कर्ज म्हटलंत की व्याजाचा प्रश्न येतो, आगाऊ पगार म्हटलंत की मालक-नोकर संबंध आधीच गृहीत धरला जातो. ती नेमकी काय आहे हेच तर तुमच्या प्रबंधाला शोधायचं आहे.

काम करताना पद्धत अशी ठेवा. शब्दांकनाच्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि मॉडेलला सांगा की वाक्यानुवाक्य भाषांतर कर, क्रमांक कायम ठेव, जोडू नकोस, गाळू नकोस, सुधारू नकोस. मोठा मजकूर एकदम दिला की मॉडेल मधली पुनरुक्ती गुपचूप काढून टाकतं, आणि माणूस तीच गोष्ट तीनदा का सांगतो हे तर आपल्याला हवं असतं. क्रमांक असले की गळालेलं वाक्य लगेच सापडतं. मग तीन रकान्यांचा तक्ता करा: मूळ मराठी, यंत्राचा मसुदा, तुमचं दुरुस्त भाषांतर. दुरुस्ती करताना ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका, नुसतं शब्दांकन पाहू नका. हसत सांगितलेलं वाक्य कागदावर कळत नाही. शेवटी चार-पाच उतारे असे निवडा ज्यांवर तुमचा मुख्य निष्कर्ष टेकलाय, आणि ते मुलाखतीशी संबंध नसलेल्या, पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या कुणाला तरी परत मराठीत करायला द्या. त्यानं केलेल्या मराठीत "म्हणं" परत आलं नाही तर इंग्रजीत ते कुठे तरी हरवलंय.

एक गोष्ट मात्र भाषांतराआधीची, आणि ती नियमाच्या दृष्टीनं जास्त जड आहे. मुलाखतीआधी तुम्ही मजुरांना काय सांगितलंय? संमतीपत्रावर "माहिती गोपनीय ठेवली जाईल" असं लिहून त्यांचा अंगठा घेतला असेल, तर गावाचं, अडत्याचं, मुकादमाचं नाव असलेलं शब्दांकन एखाद्या मोफत ऑनलाइन सेवेत चिकटवणं म्हणजे तुम्हीच दिलेला शब्द मोडणं. काही सेवा तुम्ही दिलेला मजकूर पुढे मॉडेल सुधारायला वापरतात, तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. तो बंद केलात तरी मजकूर बाहेर गेलाच. म्हणून आधी नावं काढा: माणसांना म१, म२, गावांना ग१, ग२, आणि त्याची किल्ली वेगळ्या वहीत, संगणकाबाहेर. नाव काढलं तरी माणूस ओळखू येऊ शकतो हे विसरू नका. एका गावात सहकारी सोसायटीशी भांडलेला गुळव्या एकच असतो. अशा उताऱ्यांना यंत्र दाखवूच नका. पर्याय हवाच असेल तर मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत गटानं २०२३ मध्ये खुलं केलेलं इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचं मॉडेल आपल्याच संगणकावर उतरवून चालवता येतं, त्यात मराठी आहे आणि मजकूर खोलीबाहेर जात नाही. बसवायला संगणकवाल्या मित्राची मदत लागेल. कोल्हापुरी बोलीवर ते अडखळेल, पण मसुद्यासाठी चालतं.

प्रबंधात हे सगळं सांगायचं कुठे? ऋणनिर्देशात नाही. तिथे मित्रांचे आभार मानतात. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, जिथे मुलाखती कशा घेतल्या ते सांगता तिथेच. इंग्रजीत लिहाल, पण आशय साधारण असा असावा: "मुलाखती मराठीत घेतल्या, शब्दांकन व विश्लेषण मराठीत केले. प्रबंधात उद्धृत केलेल्या उताऱ्यांचा पहिला इंग्रजी मसुदा अमुक मॉडेलच्या अमुक आवृत्तीकडून अमुक काळात घेतला. त्याआधी ओळख पटवणारा तपशील काढला होता. प्रत्येक उतारा संशोधकाने ध्वनिमुद्रणाशी ताडून दुरुस्त केला असून मूळ मराठी उतारे परिशिष्टात दिले आहेत. भाषांतराची जबाबदारी संशोधकाची आहे." मॉडेलचं नाव आणि काळ लिहायचा कारण ही मॉडेलं बदलत राहतात. मॉडेलला सहभाषांतरकार म्हणून लिहू नका. प्रकाशनाच्या नीतिमत्तेवर काम करणाऱ्या कोप या संस्थेनं २०२३ मध्येच स्पष्ट केलंय की यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण चुकलं तर त्याला जाब विचारता येत नाही. परिशिष्ट मात्र टाळू नका. पानं वाढतात म्हणून गाइड कुरकुरतील, तरी द्या.

तुम्ही विचारलं नाही, तरी एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिते, कारण पुढची भीती तीच असते. एआयचा टक्का आणि साम्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ च्या विनियमांतले दंडाचे टप्पे साम्याचे आहेत, एआयच्या टक्क्याला ते लावता येत नाहीत. आणि ही सॉफ्टवेअरं चुकतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात सॉफ्टवेअरना इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल परीक्षेचे निबंध दिले, तर सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिल्याचं निघालं. साधे शब्द आणि ठराविक वाक्यरचना दिसली की त्यांना संशय येतो, आणि आपलं इंग्रजी तसंच असतं. म्हणून टक्का कमी करण्यासाठी मजकूर पुन्हा दुसऱ्या यंत्रातून फिरवायच्या फंदात पडू नका. त्यानं उद्धृतं बिघडतात आणि जे काम खरोखर तुमचं होतं तेही संशयास्पद दिसायला लागतं. तुमचा बचाव म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता, तारखा असलेली टिपणवही आणि मसुद्यांच्या जुन्या फाइली. व्हायवात परीक्षकानं एखाद्या इंग्रजी उताऱ्यावर बोट ठेवून "हा माणूस मराठीत काय म्हणाला?" असं विचारलं आणि तुम्ही ते त्याच्याच बोलीत म्हणून दाखवलंत, की पुढचा प्रश्न एआयबद्दल येत नाही.

आतापर्यंत काही टिपणं यंत्राकडून इंग्रजीत करून झाली असतील, तसा अंदाज तुमच्या प्रश्नावरून येतोय. त्यांचं काय करायचं? मसुद्यात गेलेले वाचन-टिपणांचे परिच्छेद पिवळे करा. ज्याला लेखक आणि पान क्रमांक दोन्ही आहेत ते मूळ लेखाशी ताडून स्वतः पुन्हा लिहा. लेखक आहे पण पान नाही, ते घेऊन विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसा आणि पान शोधा. दोन्ही नाही असे परिच्छेद कितीही सुंदर असले तरी काढून टाका. त्यांतला एखादा विचार तुमचाच होता असं वाटत असेल तर वही उघडून मराठी ओळ पाहा. तिथे प्रश्नचिन्ह असेल तर प्रबंधातही प्रश्न म्हणूनच लिहा. अवतरणचिन्हांत जे जे आहे ते एकही न वगळता मूळ पानावरून पुन्हा उतरवा.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला प्रगती सादर करावी लागते. पुढच्या वेळी जाताना पूर्ण प्रकरण नेऊ नका. एका मुलाखतीचा तीन रकान्यांचा तक्ता, पद्धतीच्या प्रकरणातला तो परिच्छेद आणि गाइडना केलेला मेल एवढं न्या, आणि समितीचा अभिप्राय इतिवृत्तात नोंदवून घ्या.